ओल्या बोटांनी वाचायची पाककृती

ओट्याशी उभं राहून पाककृती निवांत वाचणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. वाचणं आधीच झालेलं असतं, आदल्या रात्री आडवं पडून किंवा प्रवासात. प्रत्यक्ष करताना उरतं ते नुसतं बघणं. फोन एखाद्या डब्याला टेकवून हातभर लांब ठेवलेला असतो. एका हाताला पीठ लागलेलं, दुसऱ्या हातात चमचा. मान वर होते, नजर दोन-तीन सेकंद पडद्यावर टेकते, आणि तेवढ्यात दोनच गोष्टी कळायला हव्या असतात: आता काय घ्यायचं आणि किती. त्या सापडल्या नाहीत की फोनला हात लावावा लागतो. ओल्या बोटाला पडदा धड दाद देत नाही, मजकूर भलतीकडेच सरकतो, आणि मघाशी आपण कुठे होतो ते शोधण्यापासून सुरुवात.

पुस्तकाचं असं नव्हतं. पुस्तक उघडं पडलेलं असायचं, साहित्य डावीकडे वर, कृती खाली किंवा शेजारी. ‘ते वरती कोपऱ्यात लिहिलंय’ एवढी जागेची खूण डोळ्यांना पुरायची. फोनवर कोपरे नसतात. सगळं एकाच लांब पट्टीत, एकाखाली एक, आणि त्या पट्टीतला जेमतेम तळहाताएवढा तुकडा एका वेळी समोर. त्यामुळे कागदावर उत्तम चालणारी पाककृती फोनवर अडखळते. तिच्यात काही चुकलेलं असतं म्हणून नव्हे, ती ज्या जागेसाठी लिहिली होती ती जागाच राहिलेली नसते म्हणून.

माझ्या मावशीची केळ्याच्या केकची पाककृती अशीच. मावशी लिहिते छान. तिची वहीतली पाककृती वाचली की ती शेजारी उभी राहून बोलतेय असं वाटतं. आता घरातल्या पोरांना ती फोनवर हवी होती, आणि वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवला तर कुणी तो मोठा करून करून वाचत बसेना. “तुमच्या फोनवर दिसेल अशी करून दे,” मावशी म्हणाली. वहीत होतं ते असं:

“तीन केळी, अडीचशे ग्रॅम मैदा, सोडा, मीठ, साखर, दोन अंडी, शंभर ग्रॅम लोणी आणि थोडं दही घ्यावं. लोणी वितळवून त्यात साखर घालून चांगलं फेटून अंडी एकेक करून घालून पुन्हा फेटून त्यात कुस्करलेली केळी व दही घालून एकजीव करावं. मैदा, सोडा, मीठ चाळून घेऊन ते हलक्या हाताने मिसळून अक्रोडाचे तुकडे घालून बटर पेपर लावलेल्या डब्यात ओतून आधी तापवून ठेवलेल्या ओव्हनमध्ये १८० वर तासभर भाजावं. साखर सगळी आत घालू नये, थोडी वरून पेरायला ठेवावी, त्याने वरचा पापुद्रा मस्त खुसखुशीत होतो.”

तोंडी सांगताना हे अगदी बरोबर आहे. मराठीत आपण असंच सांगतो. पण यात किती कामं आहेत ती मोजून बघा. दुसरं वाक्य एकच आहे, आणि त्यात लोणी वितळवण्यापासून सगळं एकजीव करण्यापर्यंत सात कामं आहेत. सात वेळा ‘ऊन’ आणि शेवटी एक ‘करावं’. फोनच्या एका ओळीत मराठीचे पाच-सहा शब्द बसतात, म्हणजे हे एक वाक्य चार-पाच ओळी खातं आणि त्याच्या पोटात नजर टेकवायला कुठे थांबा नाही. अंडी घालून झाली, फेटून झालं, मान वर केली. आता त्या ठोकळ्यात ‘पुन्हा फेटून’ कुठे आहे ते शोधा.

म्हणून माझं पहिलं काम असतं ते हे ‘ऊन’ तोडण्याचं. पेन्सिल घ्यायची (हे काम कागदावरच बरं होतं) आणि प्रत्येक ‘ऊन’खाली रेघ मारायची. मग एकेकाकडे बघून ठरवायचं, कारण सगळे ‘ऊन’ सारखे नसतात. ‘चाळून घ्या’ मधला ऊन तोडायचा नाही. ते एकच काम आहे, ‘घ्या’ नुसतं हाताशी आलेलं. ‘एकेक करून’ हाही तसाच राहू द्यायचा, कारण तो कामाची रीत सांगतो. तोडायचे ते साखळीतले: वितळवून, घालून, फेटून. तिथे पूर्णविराम द्यायचा आणि क्रियापद उघडं करायचं. लोणी वितळवा. साखर घाला. फेटा. वाचायला हे कोरडं लागतं, तारेसारखं वाटतं, हे मला मान्य आहे. पण तीन शब्दांचं वाक्य एका ओळीत मावतं, आणि त्यातच सगळं आलं.

याला आणखी एक कारण आहे. पडद्यावर लोक मजकूर कसा चाळतात ते नजरेचा माग काढणाऱ्या यंत्राने तपासून वेबपानांच्या वापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ साली मांडलं होतं: वरच्या एक-दोन ओळी आडव्या वाचल्या जातात, आणि मग नजर डावीकडच्या कडेने खाली घसरत जाते. म्हणजे ओळीच्या सुरुवातीचे एक-दोन शब्द दिसतात, बाकीचे नशिबावर. इंग्रजीत आज्ञार्थी वाक्य क्रियापदाने सुरू होतं, त्यामुळे तिकडे डाव्या कडेला काम दिसतं. आपलं क्रियापद शेवटी येतं. म्हणून काहीजण ‘फेटा – लोणी आणि साखर’ असं उलटं लिहितात. मला ते पटत नाही. ते ओट्याजवळ कुणी बोलत नाही. आणि गरजही नाही. आपल्या वाक्यात डावीकडे वस्तू येते, आणि हात अडकलेल्या माणसाला आधी वस्तूच हवी असते, कारण तीच उचलायची असते. ‘केळी कुस्करा’ यात केळी डाव्या कडेला, कुस्करा त्याच ओळीत उजवीकडे. वाक्य लहान ठेवलं की आपला शब्दक्रम फोनला उत्तम मानवतो.

ती कडा मात्र जपावी लागते. आपल्याला वाक्याच्या तोंडाशी ‘त्यानंतर’, ‘आता एका मोठ्या भांड्यात’, ‘दुसरीकडे’, ‘हे सगळं होत असताना’ असली मंडळी बसवायची सवय असते. सलग मजकुरात ती सांधा जुळवतात. पायऱ्यांना आकडे दिले की सांधा आकड्यानेच जुळतो. तेव्हा ‘त्यानंतर’ सरळ काढायचं, आणि भांडं खरंच मोठं लागणार असेल तर ते वस्तूच्या मागे ढकलायचं.

‘ऊन’पेक्षा लबाड असतो तो ‘लेला’. ‘कुस्करलेली केळी’, ‘बटर पेपर लावलेल्या डब्यात’, ‘आधी तापवून ठेवलेल्या ओव्हनमध्ये’. ही विशेषणं दिसतात, पण प्रत्येकात एक काम लपलेलं आहे आणि ते काम करायची वेळ निघून गेल्यावर ते कळतं. ओव्हनचं तर फारच. या केकमध्ये खाण्याचा सोडा आहे, आणि केळ्यातलं व दह्यातलं आम्ल त्याला लागलं की त्याच क्षणी वायू सुटायला लागतो. केक फुगतो तो या बुडबुड्यांवर. मिश्रण तयार करून मग ओव्हन तापायची वाट बघत दहा-पंधरा मिनिटं थांबलात, तर त्यातले बरेचसे बुडबुडे बाहेरच फुटून गेलेले असतात आणि केक बसका, दडस होतो. म्हणून ओव्हनची आठवण विशेषणात ठेवून चालत नाही. ती पहिल्या पायरीवर आली पाहिजे, आणि शक्यतो तिथे दुसरं फार काही असू नये.

तोडण्याला एक मर्यादाही आहे, ती याच सोड्याने दाखवून दिली. ‘ओतून भाजावं’ यातला ऊन नुसता क्रम सांगत नाही, तो घाईही सांगतो. ओतलं की लगेच भाजायला. त्याच्या दोन स्वतंत्र पायऱ्या केल्या तर मधे पूर्णविराम येतो, आणि पूर्णविरामावर माणूस थांबतो. हात धुतो, भांडी विसळतो. जिथे दोन कामांत अंतर पडायला नको तिथे ती एकाच आकड्याखाली ठेवायची आणि ‘लगेच’ हा शब्द लिहून टाकायचा.

हे झालं कृतीचं. साहित्याचा गुंता वेगळा आहे, आणि तो फोनच्याही बराच आधीचा आहे. साहित्य दोनदा लागतं. एकदा जमवताना, म्हणजे घरात काय आहे, काय आणायचं ते बघताना. तेव्हा यादी हवी. दुसऱ्यांदा ते भांड्यात पडताना. तेव्हा फक्त तेवढ्याच वस्तूचं माप हवं. इंग्लंडमध्ये १८४५ साली इलायझा ॲक्टन यांनी मापांची यादी कृतीतून वेगळी काढली आणि ती शेवटी दिली. १८६१ साली इझाबेला बीटन यांच्या पुस्तकात ती यादी डोक्यावर आली, आणि आजतागायत तिथेच आहे. अमेरिकेत १९३०च्या दशकात इर्मा रॉम्बाउअर यांनी तिसराच मार्ग धरला: वेगळी यादी न देता कृती सांगता सांगता जिथे जी वस्तू लागेल तिथेच तिचं माप लिहायचं. त्यात करणाऱ्याची सोय झाली, आणि जमवणाऱ्याला मात्र सगळी कृती चाळून काय काय लागेल ते वेचून काढावं लागलं.

कागदावर यांतलं एक निवडावं लागे, कारण जागा मोजकी. फोनवर जागेचा तुटवडा नाही, नजरेच्या टप्प्याचा आहे. म्हणून मी दोन्ही करते. वर पूर्ण यादी, आणि प्रत्येक पायरीत माप पुन्हा. ‘मैदा घाला’ असं न लिहिता ‘मैदा २५० ग्रॅम’ असं लिहायचं. मावशीला ही पुनरुक्ती खटकली, आणि पुस्तकात मलाही खटकली असती. पण सातव्या पायरीवरून दह्याचं माप बघायला वर जाणं आणि मग पुन्हा सातवी पायरी शोधत खाली येणं, याला पीठ लागलेल्या हाताने जो त्रास होतो त्यापुढे चार जादा शब्द काहीच नाहीत. यात धोका एकच: पुढे कधी माप बदललं तर दोन ठिकाणी बदलावं लागतं. यादीत दही चार चमचे आणि पायरीत तीन असं झालं की वाचणाऱ्याचा दोन्हींवरचा विश्वास उडतो.

मावशीच्या यादीत अक्रोड नव्हतेच. ते थेट कृतीत उगवले, तेही मिश्रण तयार झाल्यावर. आणि साखरेचं तर शेवटच्या वाक्यात कळतं की सगळी घालायची नव्हती. तोवर ती केव्हाच लोण्यात विरघळलेली. यावर ‘साखर (विभागून)’ असं लिहिण्याची एक रीत आहे. मला ती अर्धवट वाटते, कारण विभागायची कशी ते पुन्हा खाली शोधावं लागतं. त्यापेक्षा साखर यादीत दोनदा लिहावी: आतली वेगळी, वरची वेगळी. बाजारात जाणारा एकदाच वाचून बेरीज करील, त्याला जड नाही.

मापं लिहिण्याचीही एक गोम आहे. ‘१/२ चमचा’ हे छोट्या अक्षरात, हातभर लांबून, ‘१-२ चमचे’ असं दिसू शकतं. मिठाला ते महागात पडतं. म्हणून ‘अर्धा’, ‘पाव’, ‘पाऊण’ अक्षरांत लिहावं. हे शब्द आपल्याकडे आहेत ते वापरायचे कधी? आकडे मराठी असोत की इंग्रजी, एकाच तऱ्हेचे ठेवावेत. मिसळले की मराठी १ आणि इंग्रजी 9, मराठी ४ आणि इंग्रजी 8 यांचा घोळ घाईत सहज होतो. चमच्याला ‘छोटा’ आणि ‘मोठा’ एवढं तरी म्हणावंच: मापाचा छोटा चमचा ५ मिलिलिटरचा, मोठा बहुतेक ठिकाणी १५ चा. आणि जिथे वजन देता येईल तिथे वजन. कपाने मोजलेला मैदा दाबून भरला की हलका, यावर कितीतरी ग्रॅमने बदलतो. चाळून मोजला तर आणखी कमी भरतो. ‘एक कप अक्रोडाचे तुकडे’ आणि ‘एक कप अक्रोड, तुकडे करून’ ही दोन वेगळी मापं आहेत. ग्रॅम लिहिले की हा वादच मिटतो.

एक बारीक गोष्ट राहिली. ‘२५०’ ओळीच्या शेवटी आणि ‘ग्रॅम’ पुढच्या ओळीच्या सुरुवातीला, असं फोनवर फार होतं. दोन्हींच्या मध्ये साध्या जागेऐवजी न तुटणारी जागा टाकली की ती जोडी एकत्र खाली उतरते. वेबपानावर ती ` ` अशी लिहितात. तीन-चार रकान्यांचा तक्ता मात्र करू नये. अरुंद पडद्यावर त्यातलं शेवटचं घर कडेबाहेर जातं, आणि तिथेच नेमकं माप असतं.

तर हे सगळं करून मावशीचा केक असा झाला:

केळ्याचा केक
एक लांबट केक, ८ ते १० काप
तयारी २० मिनिटं, ओव्हनमध्ये ५० ते ६० मिनिटं, गार व्हायला १ तास
डबा: लांबट, साधारण २३ × १३ सेंटिमीटर

*केळी काळी पडली म्हणून टाकून द्यायला निघालात? थांबा, आत्ता ती केकच्या लायकीची झालीत.*

कोरडं
मैदा – २५० ग्रॅम
खाण्याचा सोडा – १ छोटा चमचा, सपाट
मीठ – अर्धा छोटा चमचा

ओलं
केळी – ३ मध्यम, खूप पिकलेली (सोलून साधारण ३५० ग्रॅम)
लोणी – १०० ग्रॅम
साखर – १५० ग्रॅम
अंडी – २
दही – ४ मोठे चमचे

शेवटी
अक्रोडाचे तुकडे – ५० ग्रॅम
साखर – १ मोठा चमचा, वरून पेरायला

कृती
१. ओव्हन १८० अंश सेल्सिअसवर लावा (आत पंखा असेल तर १६०). डब्याला बटर पेपर लावा.
२. मैदा २५० ग्रॅम, सोडा १ छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा एकत्र चाळा. बाजूला ठेवा.
३. केळी ३, काट्याने कुस्करा. थोड्या गुठळ्या राहिल्या तरी चालतात.
४. लोणी १०० ग्रॅम, मोठ्या भांड्यात वितळवा. बोटाला सोसेल इतकं निवू द्या. गरम लोण्यात अंडं शिजतं.
५. साखर १५० ग्रॅम लोण्यात घाला. मिनिटभर फेटा.
६. अंडी २, एकेक करून घाला. प्रत्येक अंड्यानंतर फेटा.
७. केळी आणि दही ४ मोठे चमचे घाला. ढवळा.
८. कोरडं मिश्रण घाला. हलक्या हाताने, खालून वर मिसळा. पांढरा मैदा दिसेनासा झाला की थांबा.
९. अक्रोड ५० ग्रॅम घाला. दोन-तीनदाच फिरवा.
१०. डब्यात ओता. साखर १ मोठा चमचा वरून पेरा: पापुद्रा मस्त खुसखुशीत होतो. लगेच ओव्हनमध्ये ठेवा.
११. केक ५० ते ६० मिनिटं भाजा. ४५व्या मिनिटाला मधोमध सुई खुपसा. ओलं पीठ लागलं तर आणखी ५ मिनिटं. दोन-चार कोरडे कण लागले तर झाला.
१२. गार करा: १० मिनिटं डब्यात, मग जाळीवर.

वहीतल्या चार वाक्यांच्या या बारा पायऱ्या झाल्या. लांबी वाढली, पण कुठलीही पायरी फोनवर तीन-चार ओळींच्या फार पुढे जात नाही. फोनवर मी प्रत्येक पायरीतली पहिली वस्तू ठळक करते, त्यामुळे त्या ठळक शब्दांवरून अंगठ्याने भराभर सरकवलं तरी ओव्हन, मैदा, केळी, लोणी, साखर, अंडी असं एकेक दिसत जातं, आणि हातात अंडं असलेल्या माणसाला आपली जागा सापडते. ठळक करायचं ते तेवढंच. काहीजण वस्तू, माप, वेळ, तापमान सगळंच ठळक करतात. मग डोळ्याला धरायला काहीच राहत नाही.

याआधीचा, नुसती वाक्यं तोडलेला खर्डा मावशीने वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाली, “सगळं आहे गं. पण यात मी कुठंय?”

प्रश्न रास्त होता. तिची वाक्यं तोडताना तिचा आवाजही तुटला होता. इथे लोक सहसा एक तडजोड करतात: डोक्यावर लांबलचक आठवण आणि खाली निर्विकार पाककृती. त्याने कुणाचंच भलं होत नाही. करणारा ती आठवण शिव्या घालत ओलांडून जातो, आणि खाली पोचल्यावर त्याला तिथे कुणी भेटत नाही. मी मावशीला म्हटलं, तू हा केक करताना जे जे बोलतेस ते सगळं सांग, मी लिहून घेते. मग त्या वाक्यांची वाटणी केली. ज्या वाक्याने करणाऱ्याच्या हाताचं काम बदलेल ते त्या पायरीत. ज्याने केक करावासा वाटेल ते वर, पण एक-दोन ओळींच्या पुढे नाही. बाकीची, म्हणजे हा केक कुणाला आवडायचा, कधी बिघडला, कोण किती काप खायचं, ती सगळी पाककृती संपल्यावर. तिथे ती कितीही लांब चालतात, कारण तिथे केक ओव्हनमध्ये असतो आणि वाचणाऱ्याचे हात मोकळे असतात.

काळ्या केळ्यांची ओळ वर गेली ती अशी. पापुद्र्याचं वाक्य दहाव्या पायरीत जसंच्या तसं ठेवलं, कारण चमचाभर साखर वरून कशाला असं वाटून ती गाळणारे असतात, आणि त्यांना अडवायला ‘मस्त खुसखुशीत’ एवढं बस आहे. ‘हलक्या हाताने’ हेही मावशीचंच. नुसतं तेवढं नवख्याला पुरत नाही. हलका हात म्हणजे किती वेळ? मैदा ओला झाला की जितकं ढवळाल तितके त्यातले प्रथिनांचे धागे ताणले जाऊन घट्ट होतात, आणि केक चिवट होतो. म्हणून तिच्या शब्दांना ‘पांढरा मैदा दिसेनासा झाला की थांबा’ ही डोळ्यांना दिसणारी खूण जोडली. मला वाटतं, पाककृतीत सगळ्यात जास्त जिव्हाळा असलाच तर तो अशा खुणांमध्ये असतो. ज्याने खूप वेळा केलंय त्यालाच त्या माहीत असतात.

आणि एक वाक्य वहीत नव्हतंच, वरचा खर्डा झाल्यावर बोलता बोलता निघालं. “माझा ओव्हन मागच्या बाजूने जास्त तापतो,” मावशी म्हणाली, “म्हणून चाळीस मिनिटं झाली की मी डबा फिरवते. त्याआधी दार उघडत नाही, मधे खड्डा पडतो.” हे एकाच ओव्हनचं आहे, सगळ्यांना लागू नाही, म्हणून गाळावं असं आधी वाटलं. पण ओव्हन एकसारखे कुठेच तापत नाहीत, आणि लवकर दार उघडलं की अजून न सावरलेला केक बसतो हेही खरं. अकराव्या पायरीत ते ‘माझा’ सकट गेलं: “माझा ओव्हन मागून जास्त तापतो, मी ४०व्या मिनिटाला डबा फिरवते. त्याआधी दार उघडत नाही.” त्या ‘माझा’मुळे वाचणारा आपल्या ओव्हनचं काय ते बघतो. नियम म्हणून लिहिलं असतं तर त्याने गरज नसताना डबा फिरवला असता.

हे सगळं ठीक जमलंय का हे लिहिणाऱ्याला कळत नाही. लिहिणाऱ्याला कृती पाठ असते, त्यामुळे तो गाळलेलंही वाचतो. केक कधीच न केलेल्या माणसाला फोन द्यायचा, आपण बाजूला बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. केक कसा होतो याकडे फार बघायचं नाही. हात फोनकडे कधी जातो ते बघायचं. जिथे मजकूर वर सरकवला जातो तिथे पायरीत काहीतरी राहिलंय. जिथे माणूस दोनदा वाचतो तिथे वाक्य लांब आहे. जिथे तो नुसता उभा राहतो तिथे क्रम चुकलाय.

मावशीची नात तयार झाली. माप बघायला तिला वर जावं लागलं नाही. अकराव्या पायरीवर मात्र तिने विचारलं, “सुई म्हणजे? शिवायची?” मावशीकडे विणकामाची जुनी सुई आहे, त्याच कामाला ठेवलेली, ती आणखी कुणाच्या घरी असणार? तिथे ‘टूथपिक किंवा बारीक काडी’ आलं. आणि चौथ्या पायरीवर पोरगी चक्क हाताची घडी घालून उभी राहिली. केळी कुस्करून झाली होती, लोणी वितळलं होतं, आणि ते निवायची वाट बघण्यापलीकडे तिला करण्यासारखं काही नव्हतं. वहीत लोणी आधी होतं. क्रम मी बदलला होता, केळी पुढे आणून. ते पुन्हा वहीसारखं केलं. लोणी तिसऱ्या पायरीवर, केळी चौथ्या. तीन केळी कुस्करेपर्यंत लोणी आपोआप निवतं. मावशी एवढंच म्हणाली, “मी लिहिलं होतं तसंच की.”